वेटिंग नऊ होतं, तरी जागा मिळाली नाही

माझ्या हातून झालेली एक चूक आज लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे. पण आपल्या गावातून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

श्रावणातली गोष्ट. शेजारचे काका संध्याकाळी घरी आले. काकूंची केमोथेरपी परळच्या टाटा हॉस्पिटलात सुरू आहे. दर एकवीस दिवसांनी जावं लागतं. पुढची तारीख रक्ताचे रिपोर्ट बघून ठरते, त्यामुळे दोन महिने आधी तिकीट काढायचा प्रश्नच येत नाही. हातात अठरा दिवस होते. काका म्हणाले, "भाऊ, तुमच्या मोबाइलवरून काढून द्या ना दोन टिकिटं. स्लीपरची."

मी बघितलं. स्क्रीनवर आलं, PQWL12/WL9. काढून टाकलं. दोघांचे नंबर आले, नऊ आणि दहा.

काकांनी विचारलं, "नवच नंबर हाये. होऊन जाईन नं?"

मी म्हणालो, "काका, नऊ काय, पन्नास असलं तरी होतं स्लीपरमधे. निवांत राहा."

वीस वर्षं पत्रकारिता करतोय. रेल्वेच्या बातम्या शेकड्याने लिहिल्या असतील. लोक मला विचारतात आणि मी सांगतो, त्यामुळे आपल्याला कळतं असा एक समज आपोआप तयार होतो. त्या समजापोटी मी दोन गोष्टी टाळल्या. आदल्या दिवशी तत्काळचं तिकीट काढून बघायचं, तेही केलं नाही. आपत्कालीन कोट्यासाठी भुसावळच्या डीआरएम ऑफिसला अर्ज पाठवता आला असता, हॉस्पिटलचे कागद होते, तेही केलं नाही. म्हटलं, नऊ नंबरसाठी कशाला कोणाला त्रास द्यायचा?

जायच्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास चार्ट लागला. वेटिंग सहा आणि सात.

अठरा दिवसांत यादी फक्त तीनने सरकली होती. ई-तिकीट असल्यामुळे दोन्ही नावं चार्टमधून आपोआप गळाली, तिकीट रद्द झालं, थोडे पैसे कापून बाकीचे खात्यात परत येणार असा मेसेज आला. तिकीटच उरलं नाही म्हटल्यावर आरक्षित डब्यात चढायचा प्रश्न मिटला. ट्रॅव्हल्सची बस होती, पण काकूंना दर तासा-दीड तासाने उठावं लागतं आणि बसमधे संडास नसतो. शेवटी दोघं जनरल डब्यातून गेले. मी स्टेशनवर सोडायला होतो. काकांनी उशी बगलेत धरली होती आणि दुसऱ्या हाताने काकूंना दारातून आत ओढत होते. मला म्हणाले, "तुमी जा भाऊ, करतो काहीतरी." एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी आमच्याकडच्या एका निवृत्त बुकिंग क्लार्कला गाठलं. रिझर्व्हेशनच्या खिडकीवर उभं आयुष्य गेलेला माणूस. चहाच्या टपरीवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही आकडा वाचलात, अक्षरं वाचलीच नाहीत. आधी अक्षरं वाचायची असतात."

आता ती अक्षरं काय, ते सांगतो.

आपल्याला वाटतं गाडी एक, तर वेटिंगची यादीही एकच. तसं नसतं. गाडीतल्या बर्था आधीच वेगवेगळ्या कोट्यांत वाटलेल्या असतात आणि प्रत्येक कोट्याची वेटिंग यादी वेगळी चालते. नंबरच्या मागे-पुढे जी इंग्रजी अक्षरं असतात, ती तुम्ही कुठल्या यादीत उभे आहात हे सांगतात.

GNWL म्हणजे सर्वसाधारण यादी. गाडी जिथून सुटते त्या स्टेशनावरून किंवा त्याच्या जवळपासच्या स्टेशनांवरून लांबचं तिकीट काढणाऱ्यांची ही यादी. गाडीतल्या सगळ्यात जास्त बर्था हिच्या वाट्याला असतात.

PQWL म्हणजे पूल कोट्याची यादी. वाटेतल्या अनेक लहान स्टेशनांना मिळून थोड्याशा बर्था ठेवलेल्या असतात. त्यात आपलं गाव, शेजारचं गाव, त्याच्या पुढचं गाव, सगळेच आले.

RLWL म्हणजे वाटेतल्या एखाद्या मोठ्या स्टेशनाला स्वतःचा वेगळा कोटा दिलेला असतो, त्याची यादी. त्या स्टेशनाच्या कोट्यातलं तिकीट रद्द झालं तरच ही यादी हलते.

TQWL ही तत्काळची यादी. तत्काळचं तिकीट काढलेल्यांपैकी कोणी रद्द केलं तरच ती हलते. ती कन्फर्म असताना रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून सहसा कोणी करतही नाही. त्यामुळे तत्काळचं वेटिंग पाच-सातच्या वर असेल तर मी आता ते घेतच नाही.

बाबूंनी मला हे समजावलं ते आपल्या नळाच्या भाषेत. "टाकी एकच असते ना गावाची? भरलेली दिसते ना? पण तुमच्या घरी पाणी कधी येतं? तुमच्या वॉर्डाचा व्हॉल्व्ह उघडला तर. शेजारच्या वॉर्डात धो धो वाहून गेलं तरी तुमच्या बादलीत थेंब येत नाही. रेल्वेचंही तसंच समजा."

आपल्याकडे आठ-आठ दिवसांनी नळ येतो, त्यामुळे मला लगेच पटलं.

मग त्यांनी टपरीवरच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर हिशेब मांडला. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण मुद्दा कळायला पुरेसे आहेत. समजा सर्वसाधारण कोट्यात स्लीपरच्या ५०० बर्था आहेत आणि पूल कोट्यात २४. समजा शंभरातले पंधरा जण शेवटपर्यंत तिकीट रद्द करतात. मग पाचशेतले पंचाहत्तर जण रद्द करणार आणि चोवीसमधले तीन, फार तर चार. म्हणजे सर्वसाधारण यादीतला साठावा माणूस आत जायची आशा ठेवू शकतो आणि पूल यादीतला पाचवा बाहेर राहतो. आमची यादी तीनने सरकली होती. मी त्यांच्या कागदाकडे बघत राहिलो.

"नऊ नंबरला जागा मिळायची तर चोवीसपैकी नऊ जणांनी बेत रद्द करायला हवा होता," ते म्हणाले. "प्रत्येक तिसऱ्या माणसाने. असं कधी होतं का?"

शेवटच्या क्षणीही हाच फरक राहतो. चार्ट लागताना बरेच राखीव कोटे मोकळे होतात. आपत्कालीन कोट्यातल्या न दिलेल्या बर्था, इतर कोट्यांत न खपलेल्या जागा. त्या बहुतेक करून आधी सर्वसाधारण यादीकडे जातात. म्हणून GNWL वाले लोक सांगतात की रात्री झोपताना वेटिंग होतं आणि सकाळी उठून बघतो तर कन्फर्म. ते खोटं बोलत नाहीत. पण त्यांचा अनुभव पूल यादीला लावला की माझ्यासारखी फसगत होते. मी जे "पन्नास असलं तरी होतं" म्हणालो, ते नागपूरला शिकत असताना नागपूरहून काढलेल्या तिकिटांच्या अनुभवावर म्हणालो होतो. तिकडे खरं होतं ते.

आता आकड्यांबद्दल. स्क्रीनवर दोन आकडे येतात, मधे तिरकी रेघ. आमचं होतं PQWL12/WL9. पहिला आकडा म्हणजे त्या यादीत आतापर्यंत वाटलेला नंबर. दुसरा म्हणजे आजघडीला तुमच्या पुढच्या रांगेत तुमची खरी जागा. दोन्हींतला फरक म्हणजे यादी सुरू झाल्यापासून किती जण वर सरकले किंवा कंटाळून निघून गेले. बारा वजा नऊ, तीन. ही यादी आधीच मंद चाललेली होती, हे स्क्रीनवर लिहिलेलं होतं. मी फक्त नऊ वाचला, कारण नऊ हा लहान आकडा आहे.

पण नुसता फरक बघूनही पुरत नाही, कारण यादी कधी सुरू झाली हे आपल्याला माहीत नसतं. तीन हा आकडा दोन दिवसांतला असेल तर वेग चांगला, पंधरा दिवसांतला असेल तर वाईट. यावर बाबूंचा साधा उपाय होता. आज बघायचं, लिहून ठेवायचं, दोन दिवसांनी परत बघायचं. किती सरकलं ते तुमच्या डोळ्यांसमोर येतं. त्यात हेही लक्षात ठेवायचं की रद्द करणारे लोक शेवटच्या तीन-चार दिवसांत जास्त असतात, त्यामुळे शेवटाकडे वेग वाढतो. आणि सण असला, दिवाळीची सुट्टी असली किंवा सहा डिसेंबरच्या आधीचे दिवस असले, तर तो वाढत नाही, कारण ज्याच्या हातात तिकीट आहे तो ते सोडत नाही.

डब्याचा वर्गही बघायचा. स्लीपरच्या एका डब्यात ७२ किंवा ८० बर्था असतात आणि असे कितीतरी डबे लागतात. टू एसीच्या डब्यात पन्नासच्या आसपास बर्था आणि डबे एक किंवा दोन. त्यामुळे टू एसीचं वेटिंग वीस आणि स्लीपरचं वेटिंग वीस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "एसीला गर्दी कमी, होऊन जाईल" म्हणणारे बरेच भेटतात. गर्दी कमी असते हे खरं. पण जागाही कमी असतात आणि रद्द करणारेही.

एकवीस दिवसांनी परत जायचं होतं. यावेळी मी काकांना घेऊन बाबूंकडेच गेलो.

त्यांनी मोबाइलवर दोन वेळा शोधायला सांगितलं. पहिल्यांदा आपल्या स्टेशनापासून मुंबईपर्यंत. दिसलं PQWL10/WL8. दुसऱ्यांदा त्याच गाडीचं, त्याच तारखेचं, पण गाडी जिथून सुटते त्या स्टेशनापासून मुंबईपर्यंत. दिसलं GNWL58/WL44.

काका म्हणाले, "आठ सोडून चव्वेचाळीस घेता काय?" बरोबरच होतं त्यांचं. तीन आठवड्यांपूर्वी मीही तेच म्हणालो असतो.

आम्ही चव्वेचाळीस घेतलं. तिकीट गाडी सुटते तिथपासूनचं आणि तिकीट काढतानाच 'बोर्डिंग स्टेशन' या रकान्यात आपलं स्टेशन निवडलं. हा रकाना भरणं फार महत्त्वाचं. तो भरला नाही तर टीसी पहिल्या स्टेशनांवर तुम्हाला शोधतो, माणूस आला नाही म्हणून नोंद करतो आणि तुमची जागा आरएसीवाल्याला देऊन मोकळा होतो. तुम्ही आपल्या स्टेशनावर चढेपर्यंत त्या जागेवर कोणीतरी झोपलेला असतो आणि चूक तुमचीच ठरते. एकदा बोर्डिंग बदललं की आधीच्या स्टेशनावरून चढायचा हक्क राहत नाही, हेही लक्षात ठेवायचं. आपल्याला तो नकोच असतो.

भाडं अर्थातच लांबच्या अंतराचं पडतं. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं किलोमीटरमागे कमी होत जातं, म्हणून मुंबईसारख्या लांबच्या प्रवासात वाढ फार वाटत नाही. आम्हाला स्लीपरला माणशी शंभरेक रुपये जास्त पडले. कॅन्सरच्या रुग्णाला भाड्यात सवलत आहे, ती हॉस्पिटलचं प्रमाणपत्र दाखवून खिडकीवर मिळते. पण सवलतीने भाडं कमी होतं, यादीतला नंबर पुढे सरकत नाही. काकांनी यावेळी पूर्ण भाडं भरलं.

दोघांचे नंबर आले चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस. मी माझ्या डायरीत लिहीत गेलो. दोन दिवसांनी एकोणचाळीस. आठवडा गेला, तेव्हा तेवीस. जायला चार दिवस राहिले, तेव्हा वेटिंग तीन. दुसऱ्या दिवशी काका सकाळी सकाळी धावत आले, चेहरा पडलेला. "भाऊ, तीनचं एकसष्ट झालं!"

स्क्रीनवर होतं RAC 61.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून सांगतो. RAC ही वेटिंगच्या वरची पायरी आहे. आधी वेटिंग संपतं, मग माणूस आरएसीत जातो आणि तिथे पुन्हा नवीन नंबर मिळतो. तो मोठा दिसतो, कारण आरएसीची रांग आधीच मोठी असते. आरएसी म्हणजे बसायला जागा नक्की. खिडकीकडची खालची जी बाजूची बर्थ असते, ती दोघांत अर्धी-अर्धी. चार्टमधे नाव येतं, डबा आणि सीट नंबर मिळतो, हक्काने चढता येतं. तिथून पुढे जसजशी कन्फर्म तिकिटं रद्द होतील तसतशी आरएसीतल्या पहिल्याला पूर्ण बर्थ मिळत जाते. म्हणून सर्वसाधारण यादीत स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. आरएसीपर्यंत पोहोचेन का? आणि पूर्ण बर्थपर्यंत पोहोचेन का? वेटिंग चव्वेचाळीस असेल तर पहिल्यासाठी चव्वेचाळीस पायऱ्या. दुसऱ्यासाठी त्या चव्वेचाळीस आणि वर आरएसीची सगळी रांग. पहिल्याची आशा चांगली होती. दुसऱ्याची बाबूंनी आधीच दिली नव्हती. म्हणाले होते, "बसून जायची तयारी ठेवा. मिळालं तर झोपून."

यावेळी मी आपत्कालीन कोट्याचा अर्जही वेळेत पाठवला. तो मंजूर झाला की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही, आधी स्क्रीनवर काहीच बदलत नाही. तो देणं न देणं अधिकाऱ्यांच्या हातात असतं आणि मागणारे पुष्कळ असतात. आमचा झाला नाही. तक्रार नाही.

चार्ट कधी लागतो तेही सांगून ठेवतो. तो आपल्या स्टेशनाच्या वेळेवरून धरत नाहीत, गाडी जिथून सुटते तिथल्या वेळेवरून धरतात. आपल्याकडे गाडी रात्री येते, पण ती सुटते दुपारी. पूर्वी चार्ट सुटायच्या चार तास आधी लागायचा, २०२५ च्या जुलैपासून तो आणखी लवकर लागू लागला. म्हणजे आपल्याला सकाळीच निकाल कळतो. तोवर दिवसभराचा वेळ हातात असतो, दुसरी सोय बघायला. मी पहिल्या वेळी दुपारपर्यंत हात चोळत बसलो, तो वेळही वाया घालवला. चार्ट लागल्यावर जर काही जागा शिल्लक राहिल्याच तर त्या चालू आरक्षणात मिळतात, गाडी सुटायच्या थोडं आधी दुसरा चार्ट लागेपर्यंत. आपल्या मार्गावर क्वचितच, पण सकाळी बघायला पैसे पडत नाहीत.

चार्ट लागला. RAC 7 आणि RAC 8. दोघांची मिळून एक बर्थ, बाजूची खालची.

मी परत स्टेशनवर गेलो होतो. डबा नीट समोर आला, काका-काकू सावकाश चढले. खिडकीतून दिसत होतं, काकूंनी पाय पसरले आणि काका त्यांच्या पायाशी टेकून बसले. अर्ध्या-अर्ध्या जागेत दुसरा कोणी परका नाही, हे किती मोठं असतं ते आजारी माणसाला घेऊन जाणाऱ्यालाच कळेल. भुसावळ सोडल्यावर टीसीने काकांना वरची एक रिकामी बर्थ दिली, तसा त्यांचा सकाळी दादरहून फोन आला. "झोपलो भाऊ दोन घंटे."

इथे पोस्ट संपवली असती. पण एक गोष्ट मनाला खाते आहे.

मी जे केलं ते मागच्या गावच्या टाकीतून बादली भरण्यासारखं आहे. गाडी सुटते तिथपासून आपल्या गावापर्यंत आम्ही त्या बर्थवर नव्हतो, पण भाडं भरून ती अडवलेली होती. तिकडच्या एखाद्याचा नंबर आमच्यामुळे मागे राहिला असेल. आणि आपल्या गावातल्या सगळ्यांनी हेच केलं तर ती यादीही लांबत जाईल आणि ही वाट बंद होईल. शिवाय हे त्यालाच जमतं ज्याला अक्षरं कळतात, ज्याच्याकडे वरचे शंभर रुपये आहेत आणि ज्याच्या शेजारी निवृत्त बुकिंग क्लार्क राहतो.

खरा प्रश्न वेगळा आहे. आपल्या स्टेशनाला गाडीचा थांबा मिळाला तेव्हा काय थाट झाला होता आठवतो का? इंजिनाला हार, ड्रायव्हरला पेढे, प्लॅटफॉर्मवर भाषणं, श्रेय कोणाचं यावरून दोन बॅनर. ती बातमी मीच लिहिली होती, चार कॉलम. त्या बातमीत मी एक प्रश्न विचारला नाही. थांबा दिला, बर्था किती दिल्या? गाडी दोन मिनिटं थांबते, पण आपल्या वाट्याला पूल कोट्यातला एक तुकडा येतो, तोही आजूबाजूच्या गावांबरोबर वाटून. मग थांब्याचा उपयोग जनरल डब्यात चढण्यापुरताच. रुग्ण, मुलाखतीला जाणारी पोरं, कोर्टाच्या तारखेला जाणारे शेतकरी, यांच्यापैकी कोणाची तारीख दोन महिने आधी ठरत नाही. ते सगळे त्या लहानशा यादीच्या तळाशी उभे असतात आणि नऊ नंबर बघून खूश होतात.

कोटा दगडावरची रेघ नसते. कोणत्या स्टेशनाला किती जागा द्यायच्या, हे मागणी बघून बदलता येतं. पण त्यासाठी मागणी कागदावर दिसायला हवी. वेटिंगमधे राहून रद्द झालेलं आपलं तिकीट कोणी मोजून मांडत नाही, मांडलं पाहिजे.

म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय. तीनच प्रश्न आहेत. आपल्या स्टेशनावर थांबणाऱ्या प्रत्येक मुंबई गाडीत आपल्याला स्वतंत्र कोटा आहे की पूल कोटा? त्यात कोणत्या वर्गाच्या किती बर्था आहेत आणि त्या कोणकोणत्या स्टेशनांत वाटल्या जातात? आणि गेल्या वर्षभरात आपल्या स्टेशनावरून काढलेली किती तिकिटं चार्ट लागल्यावर वेटिंगमधेच राहिली? उत्तर आलं की इथेच टाकतो, जसंच्या तसं. मग ते घेऊन विभागाच्या प्रवासी सल्लागार समितीवर जे आपले प्रतिनिधी आहेत, त्यांच्याकडे जाऊ.

तुमचं तिकीट आपल्या स्टेशनावरून काढलेलं असेल आणि वेटिंगमधेच राहिलं असेल, तर खाली लिहा. गाडी, तारीख, वर्ग, यादीची अक्षरं, काढतानाचा नंबर आणि चार्टचा नंबर. एवढंच. पीएनआर टाकू नका. पन्नास नोंदी जमल्या तरी त्या अर्जाला जोडता येतील.

काकूंना परत जायचंय, पुढच्या आठवड्यात. आज सकाळी तिकीट आरएसीत आलं. काकांनी यावेळी मला विचारलं नाही. स्वतःच येऊन सांगून गेले, "भाऊ, एकवीस नंबर आरएसी हाये. बसाले तं भेटलं."